एका अक्षराचे दोन व्यवसाय

इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक पिढीला शाळेत एक वाक्य पाठ करावे लागते : नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस. अ‍ॅडव्हाइस म्हणजे सल्ला. त्याच्या शेवटी सी-ई. अ‍ॅडव्हाइज म्हणजे सल्ला देणे. त्याच्या शेवटी एस-ई. डिव्हाइस म्हणजे साधन किंवा युक्ती, त्यालाही सी. आणि डिव्हाइज म्हणजे योजणे, युक्ती काढणे, त्याला एस. एवढे वाक्य पाठ होते आणि परीक्षा संपताच विसरले जाते, कारण त्यामागचे कारण कोणी सांगितलेले नसते. कारणाशिवाय पाठ केलेला नियम सहसा उलटा आठवतो, आणि मग ज्या कागदावर पैसा किंवा घर अवलंबून आहे, नेमक्या त्याच कागदावर तो उलटा उतरतो.

मी एका कापड-निर्यातीच्या पेढीत चाळीस वर्षे इंग्रजी पत्रव्यवहाराचे काम पाहिले. या दोन जोड्यांची गाठ माझ्या टेबलावर जवळजवळ रोज पडत असे. आता निवृत्त आहे. तरी नात्यातली, ओळखीतली माणसे मसुदे घेऊन येतात. त्या निमित्ताने या अक्षराविषयी जे वाचले, पाहिले, ते येथे मांडतो.

प्रथम कानाची गोष्ट. ‘सी की एस’ हा प्रश्न आपण डोळ्याने सोडवू पाहतो. वास्तविक तो कानाने सुटतो. नामाचा शेवट ‘स’ने होतो, क्रियापदाचा शेवट ‘ज’ने. हा ‘ज’ कोणता, हे मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. आपल्या भाषेत ज दोन आहेत. ‘जीव’ आणि ‘जेवण’ यांतला एक, आणि ‘जरा’, ‘जास्त’, ‘बाजार’, ‘आवाज’ यांतला दुसरा. ‘आवाज’ म्हणताना शेवटी जो ज येतो, त्यात जीभ दातांमागे टेकवू दिली नाही, नुसती जवळ नेऊन हवा जाऊ दिली, की इंग्रजी झेड तयार होतो. हिंदीच्या वळणाने वाढलेली मुले तेथे ‘जीव’मधला ज लावतात किंवा दोन्हीकडे सरळ ‘स’ म्हणतात. उच्चार एक झाला की लेखनातला फरक निराधार होतो. मग तो केवळ स्मरणशक्तीच्या भरवशावर उरतो.

खात्री करून घ्यायची असल्यास दोन बोटे कंठावर ठेवावीत. ‘स्‌स्‌’ असे लांबवत म्हटले तर कंठ स्वस्थ राहतो. ‘ज़्‌ज़्‌’ म्हणताच बोटांखाली गुणगुण जाणवते. आपल्या जुन्या व्याकरणकारांनी याच भेदाला अघोष आणि घोष अशी नावे दिली आहेत. आणखी एक बारकावा आहे, तो इंग्रज ऐकणाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. घोष व्यंजनापूर्वीचा स्वर इंग्रजीत लांबतो. राइस म्हणजे तांदूळ आणि राइज म्हणजे उठणे. प्राइस म्हणजे किंमत आणि प्राइज म्हणजे बक्षीस. या जोड्यांत दुसऱ्या शब्दाचा ‘आइ’ स्पष्टपणे दीर्घ असतो. वाक्याच्या शेवटी इंग्रज माणूस तो अखेरचा झेड पुष्कळदा अर्धामुर्धाच उच्चारतो. पण स्वर लांबला, एवढ्यावरून समोरच्याला कळते की हे क्रियापद आहे. टेलिफोनवर परदेशी ग्राहकाशी बोलताना हे फार उपयोगी पडे.

आता, नामाला स आणि क्रियापदाला ज, हे ठरवले कोणी? कोणीच नाही. ते आपोआप घडले, आणि कसे घडले हे संस्कृतचा व्यंजनसंधी शिकलेल्याला चटकन उमगते. वाक्‌ + ईश = वागीश; जगत्‌ + ईश = जगदीश; षट्‌ + आनन = षडानन. अघोष व्यंजनापुढे स्वर आला की ते व्यंजन घोष होते. स्वर उच्चारताना कंठ गुणगुणतच असतो. मधल्या एका व्यंजनापुरता तो थांबवून पुन्हा सुरू करण्यापेक्षा चालू ठेवणेच सोपे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही याच जातीची सवय होती, पण ती स, फ आणि ‘थ’सारख्या घर्षक वर्णांपुरती. घर या अर्थाचे नाम ‘हूस’ होते, शेवटी स. त्यापासून ‘घरात ठेवणे’ या अर्थाचे क्रियापद झाले ‘हूसिअन’. त्यात स दोन स्वरांच्या मध्ये सापडला, म्हणून तो ‘हूज़िअन’ असा ऐकू येई. पुढे काही शतकांत क्रियापदाच्या शेवटचा तो ‘इअन’ झिजत झिजत नाहीसा झाला. ज्या स्वरामुळे स घोष झाला तो स्वर गेला. घोषत्व मात्र मागे राहिले. पाऊस थांबल्यावरही अंगणातल्या ओलीवरून तो पडून गेल्याचे कळते, तसे हे.

आज इंग्रजीत अशा जोड्या पुष्कळ आढळतात. हाऊस हे नाम, हाउज हे क्रियापद. यूस म्हणजे उपयोग, यूज म्हणजे वापरणे. बिलीफ म्हणजे श्रद्धा, बिलीव्ह म्हणजे श्रद्धा ठेवणे. प्रूफ आणि प्रूव्ह, हाफ आणि हाव्ह, बाथ आणि बेद, ब्रेथ आणि ब्रीद. सर्व जोड्यांत नाम अघोष, क्रियापद घोष. सगळ्याच जोड्या हूस-हूसिअन यांच्याइतक्या जुन्या नाहीत. काही मागाहून याच साच्यात बसल्या.

आपले दोन शब्द फ्रेंचमधून आले. जुन्या फ्रेंचमध्ये ‘आव्हिस’ हे नाम आणि ‘आव्हिझेर’ हे क्रियापद. ‘देव्हिस’ हे नाम आणि ‘देव्हिझेर’ हे क्रियापद. तेथेही तीच गोष्ट : शेवटचा स अघोष, दोन स्वरांमधला घोष. इंग्रजीला हा साचा ओळखीचाच असल्याने तिने तो सहज स्वीकारला. आव्हिस हा शब्द ‘मला असे दिसते’ अशा अर्थाच्या फ्रेंच बोलीतून निघाला आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘पाहणे’ या अर्थाचा धातू आहे, आणि तो आपल्या ‘विद्‌’ धातूचा सख्खा नातेवाईक. सल्ला म्हणजे मुळात ‘मला जे दिसते ते’. शब्दात नंतर घुसलेला डी हा लॅटिनचा मान राखण्यासाठी विद्वानांनी बसवला. मूळ फ्रेंच शब्दात तो नव्हता.

येथपर्यंत सीचा कोठे पत्ता नाही. आरंभी दोन्ही शब्द, नाम काय आणि क्रियापद काय, एस घालूनच लिहिले जात. सल्ला या नामाचीही अनेक रूपे जुन्या हस्तलिखितांत एसचीच आहेत. अडचण अशी की इंग्रजी एस हे अक्षर दोन घरांत नांदते. शब्दाच्या शेवटी एस-ई आले तर ते ‘स’ वाचायचे की ‘ज’, हे अक्षर सांगत नाही. सी मात्र पुढे ई, आय किंवा वाय असला की ‘स’ असाच वाचला जातो. फेस, सिटी, सेंट हे शब्द पाहावेत. ही फ्रेंच लेखनाची देणगी. तेव्हा ज्या शब्दाचा शेवट निःसंशय ‘स’ आहे, तो दाखवण्यासाठी लेखनिकांनी सी-ई वापरण्यास सुरुवात केली. उंदरांचे अनेकवचन माइस, बर्फ म्हणजे आइस, एकदा म्हणजे वन्स : हे अस्सल इंग्रजी शब्द, पूर्वी एसने लिहिले जात, त्यांनाही पुढे सी चिकटला. अ‍ॅडव्हाइस आणि डिव्हाइस ही नामे त्याच रांगेत उभी राहिली. क्रियापदांचा उच्चार ज असल्याने त्यांना सी देणे शक्यच नव्हते. त्यांचा एस तसाच राहिला.

म्हणजे सी हे नामाचे चिन्ह नव्हे, ते ‘स’ या उच्चाराचे चिन्ह आहे. हाऊस आणि यूस हीही नामेच आहेत, पण त्यांना सी मिळालेला नाही. तेथे नाम आणि क्रियापद यांचे लेखन आजही अगदी एक आहे आणि वाचणाऱ्याला संदर्भावरूनच फरक करावा लागतो. शाळेतले वाक्य मी विद्यार्थ्यांना थोडे बदलून सांगतो : आधी मोठ्याने म्हणा, मग लिहा. ‘स’ ऐकू आला तर सी, ‘ज’ ऐकू आला तर एस.

व्यापारी पत्रव्यवहारात या शब्दांची एक स्वतंत्र तऱ्हा आहे, आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांचा संबंध तिच्याशीच अधिक येतो. बँकेकडून ‘डेबिट अ‍ॅडव्हाइस’ किंवा ‘क्रेडिट अ‍ॅडव्हाइस’ येते. त्यात बँक आपल्याला कसलाही सल्ला देत नसते. खात्यातून रक्कम वजा केली किंवा जमा केली, एवढी सूचना असते. निर्यातदाराच्या पतपत्राची वर्दी देणाऱ्या बँकेला ‘अ‍ॅडव्हायझिंग बँक’ म्हणतात, तेही याच अर्थाने : कळवणारी बँक. सल्ला या अर्थी हे नाम मोजता येत नाही. ‘दोन अ‍ॅडव्हाइसेस दिले’ असे इंग्रजीत म्हणत नाहीत, ‘सल्ल्याचे दोन तुकडे’ अशी काहीशी रचना करावी लागते. मात्र सूचनापत्र या अर्थी ते खुशाल मोजता येते, आणि महिन्याच्या फाइलीत बारा डेबिट अ‍ॅडव्हाइसेस असू शकतात.

चूक सर्वाधिक होते ती पत्राच्या शेवटच्या ओळीत. ‘कृपया कळवावे’ या अर्थाने ‘काइंडली’ लिहून पुढे सीवाला शब्द टाकला जातो. काइंडली किंवा प्लीज यांच्यापुढे आज्ञार्थी क्रियापदच येणार. तेथे ज, म्हणून एस. याच्या उलट चूक बँकेच्या छापील कागदावरही मी पाहिली आहे : मथळ्यावर ‘डेबिट’ आणि पुढे एसवाला शब्द. मनात शंका आली की त्या जागी दुसरा, ओळखीचा शब्द ठेवून पाहावा. ‘प्लीज’च्या पुढे ‘टेल’ बसते, म्हणून क्रियापद. ‘डेबिट’च्या पुढे ‘नोट’ बसते, म्हणून नाम. संगणकाचा शब्दलेखन-तपासनीस येथे फारसा कामाचा नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. चुकीच्या जागी बसलेला खरा शब्द त्याला बहुधा दिसत नाही.

पतपत्राच्या बाबतीत अशा चुकीने फार तर समोरचा मनात हसतो. माझ्या थोरल्या आत्याबाईंच्या मृत्युपत्राच्या वेळी मात्र प्रकरण थोडे वेगळे होते.

आत्याबाईंचे वय ब्याऐंशी. शेत दोन मुलांच्या नावे आधीच करून दिलेले. राहते घर तिसऱ्या, दिवंगत मुलाच्या पत्नीला द्यायचे, हा त्यांचा निश्चय. तीच सून अकरा वर्षे त्यांच्याजवळ राहत होती. मसुदा एका वकिलांच्या कार्यालयातून इंग्रजीत तयार होऊन आला. त्यातले मुख्य वाक्य जुन्या साच्यातले होते : ‘आय गिव्ह, डिव्हाइज अँड बिक्वीद’, म्हणजे ‘मी देते, वसीयत करते आणि ठेवून जाते’. टंकलेखकाने मधल्या शब्दाला सी घातला होता. घरातल्या एका तरुणाने तो शब्द मोबाइलवर पाहिला आणि जाहीर केले, की याचा अर्थ यंत्र. कागद चुकीचा आहे, हे मृत्युपत्र कोर्टात टिकणार नाही. आत्याबाईंनी मला बोलावून घेतले. म्हणाल्या, “बाळ, तू एवढी वर्षं इंग्रजी कागद बघितलास. यात माझं घर कुठं आहे, ते बोट ठेवून दाखव.”

मी बोट ठेवले. ‘मी’ या कर्त्यापुढे तीन शब्द एका रांगेत आहेत. पहिला ‘देते’, तिसरा ‘ठेवून जाते’, दोन्ही क्रियापदे. मधला शब्दही क्रियापदच असला पाहिजे. म्हणून ज, म्हणून एस. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत स्थावर मालमत्ता मृत्युपत्राने देण्याला डिव्हाइज हे क्रियापद वापरीत आणि जंगम वस्तू देण्याला बिक्वीद. इंग्लंडात जमीन मृत्युपत्राने देण्याची मुभा 1540 च्या कायद्याने मिळाली. आणि या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘विभागणे’ हा धातू आहे. डिव्हिजन हा शब्दही त्याचाच. विभागणे, मग मांडणी करणे, मग योजणे, मग युक्ती, मग यंत्र, असा अर्थाचा प्रवास झाला. हातातला मोबाइल ‘डिव्हाइस’ म्हणवतो तो या प्रवासाच्या टोकाशी. मृत्युपत्रातला शब्द मात्र अजून उगमापाशीच, वाटणीच्या अर्थाजवळ उभा आहे.

“म्हणजे वाटणीच ना?” आत्याबाई म्हणाल्या. “मग वाटणीचं अक्षर घाल.”

मसुदा दुरुस्तीला परत गेला. तेथे कोणीतरी शाळेतला नियम आठवून दुरुस्ती केली, आणि दुसऱ्या भागात नवीनच घोटाळा झाला. खालच्या एका कलमात ‘वर सांगितलेले हे दान’ अशा अर्थाने तोच शब्द नाम म्हणून आला होता. मूळ मसुद्यात तो बरोबर, एसनेच होता. ‘नाम असेल तर सी’ या नियमाने तेथे सी घालण्यात आला. वस्तुतः कायद्यातले हे नाम, म्हणजे मृत्युपत्राने दिलेली स्थावर मालमत्ता किंवा ते देणे, एसनेच लिहितात, आणि त्याचा उच्चारही ‘ज’ने होतो. शाळेचा नियम येथे लटका पडतो. कानाचा नियम टिकतो. अशा शब्दांत वकिलाने शब्दकोश उघडावा, हे बरे.

तिसऱ्या वेळी कागद निर्दोष आला. तोवर त्या तरुणाच्या शंकेने घरात दोन आठवडे अस्वस्थता होती. सून मुकी होऊन गेली होती. आपल्यामुळे सगळे चालले आहे, असे तिला वाटत असावे. म्हणून हे स्पष्ट सांगितले पाहिजे, की पहिल्याच मसुद्यावर सह्या झाल्या असत्या तरी केवळ त्या एका अक्षरापायी घर गेले नसते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 याचे कलम 74 सांगते, की मृत्युपत्रात पारिभाषिक शब्द असण्याची गरज नाही. करणाऱ्याचा हेतू शब्दांवरून कळला की पुरे. हे कलम हिंदूंच्या, तसेच जैनांच्याही, मृत्युपत्रांना लागू आहे. खरी काळजी घ्यायची ती सहीची आणि दोन साक्षीदारांची. आत्याबाईंनी सही केली ती मराठीत, मोडीच्या वळणाची, आणि पूर्ण नाव लिहून. साक्षीदार म्हणून गल्लीतले डॉक्टर आणि शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक बसले होते.

या दोन जोड्यांच्या अनुकरणाने इंग्रजीत आणखी काही जोड्या तयार झाल्या, आणि तेथे कानही मदत करीत नाही. प्रॅक्टिस म्हणजे सराव किंवा व्यवसाय. ब्रिटिश पद्धतीत नामाला सी आणि क्रियापदाला एस, पण उच्चार दोन्हींचा ‘स’च. लायसन्स तसाच : परवाना या नामाला सी, परवाना देणे या क्रियापदाला एस, आणि उच्चारात फरक नाही. आपल्या 1988 च्या मोटार वाहन अधिनियमात ‘ड्रायव्हिंग लायसन्स’ सीने आहे. पण ‘परवानाधारक’ या अर्थाचा लायसन्सी आणि ‘परवानाप्राप्त’ या अर्थाचा लायसन्स्ड हे एसने, कारण ते क्रियापदापासून निघाले. दुकानांच्या पाट्यांवर हे उलटसुलट दिसते. ओळखीचा शब्द ठेवून पाहण्याची युक्ती येथे कामी येते. परवाना या शब्दाच्या जागी ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘अ‍ॅडव्हाइज’ म्हणून पाहावे. ज्याचा उच्चार त्या जागी कानाला बसेल, त्याचे अक्षर घ्यावे. कानाने सुटणारी जोडी अशा रीतीने न सुटणाऱ्या जोडीची जामीन राहते.

सल्लागार या शब्दातही एसच आहे, कारण तो ‘सल्ला देणारा’, क्रियापदातून आलेला. त्याच्या शेवटी ई-आर की ओ-आर, हा वाद मात्र चालू आहे. दोन्ही रूपे मान्य आहेत, ई-आर जुने. सेबीच्या 2013 च्या गुंतवणूक सल्लागारांविषयीच्या विनियमांच्या नावात ई-आरच आहे.

अमेरिकनांनी ही उच्चारात नसलेली जोडी सरळ मोडून टाकली. नोआ वेब्स्टर यांनी 1828 च्या आपल्या कोशात प्रॅक्टिसच्या क्रियापदाचे लेखन नामासारखेच असावे, असे मत मांडले. आज तेथे प्रॅक्टिस दोन्हीकडे सीने आणि लायसन्स दोन्हीकडे एसने लिहितात. अ‍ॅडव्हाइस आणि डिव्हाइस यांना मात्र वेब्स्टरसाहेबही हात लावू शकले नाहीत, कारण तेथे कान आडवा येतो. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्या पत्रांत लायसन्स कायम एसने असतो आणि मी तो वाचताना अजूनही क्षणभर थांबतो. पण शेवटी ती ‘मामा, काय करू ते कळवा’ असे इंग्रजीत लिहिते, तेव्हा तिचा एस आणि माझा एस एकच असतो.